७२ चा नियम किसान विकास पत्राला जुळतो, मग एफडीला आणि कृषी केंद्राच्या उधारीला का जुळत नाही?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. वडिलांचे पैशाचे कागद एका फाइलीत लावायचं काम सध्या माझ्याकडे आहे. ते करताना पैसे दुप्पट कधी होतात याचा हिशोब मी ७२ च्या नियमानं करून बघितला. ७२ ला व्याजदरानं भागायचं, येतील तेवढी वर्षं. पण तीन कागदांनी तीन तऱ्हेची उत्तरं दिली.

पहिला कागद किसान विकास पत्राचा. दर ७.५ टक्के, मुदत ११५ महिने, दुप्पट. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षं, म्हणजे ११५ महिने आणि वर पाच-सहा दिवस. इतकं चोख जुळलं की मला आनंदच झाला.

दुसरी बँकेची मुदत ठेव. १ लाख रुपये, ७ टक्के, १० वर्षं. ७२ भागिले ७ केलं की १०.२९ येतात, म्हणजे दहा वर्षं साडेतीन महिने. पण पावतीवर दहा वर्षांनंतर मिळणारी रक्कम छापली आहे २,००,१६० रुपये. म्हणजे दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आतच दुप्पट. बँक काही कुणाला फुकट पैसे देत नाही, मग हे साडेतीन महिने गेले कुठे?

तिसरं खातं कृषी केंद्राच्या उधारीचं. ठिबकचं साहित्य आणि खत मिळून ४०,००० रुपये बाकी, व्याज "दोन टक्के". दोन टक्के म्हणजे महिन्याला शेकडा दोन, हे इथं सगळ्यांना माहीत आहेच. वर्षाचे २४, म्हणून ७२ भागिले २४, तीन वर्षं. पण दुकानदार म्हणतो, "ताई, तीन वर्षांत काही दुप्पट होत नाही, चार वर्षांच्या वर लागतात." मामा म्हणतात, तीन वर्षं भरायच्या आतच ८०,००० होतात. दोघंही ठामपणे सांगतात. कुणाचं धरायचं?

शिरपूरकर

ताई, ७२ हा आकडाच मुळात चुकीचा आहे. खरा आकडा ६९.३. दोनचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.६९३, त्याला शंभरनं गुणलं की झालं. भागायला सोपा जावा म्हणून लोकांनी त्याचा ७२ केला, कारण ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ सगळ्यांनी भाग जातो. तुम्ही सगळीकडे ६९.३ वापरा, बिनचूक उत्तर येईल.

केळीबाग रावेर

माझा पण हाच प्रश्न आहे. मी पोस्टात दर महिन्याला २,००० रुपये भरतो. व्याज ७ च्या वर असेल तर दहा वर्षांत दुप्पट, म्हणजे भरलेले २ लाख ४० हजार आणि हातात येणार ४ लाख ८० हजार. बरोबर ना? मुलीच्या शिक्षणासाठी धरून चाललोय.

पांझराकाठ

एकेकाचं घेतो.

आधी रावेरचे भाऊ, कारण तुमच्या हिशोबावर मुलीचं शिक्षण अवलंबून आहे. ७२ असो की आणखी कुठला आकडा, तो एकदाच ठेवलेल्या आणि मध्ये हात न लावलेल्या रकमेसाठी आहे. तुमचा पहिला हप्ता दहा वर्षं व्याज खाईल, तो दुप्पट होईल. पाच वर्षांनी भरलेल्या हप्त्याला पाचच वर्षं मिळतील. शेवटच्याला एक महिना. ७.२ टक्क्यांनी दहा वर्षं भरलेत तर हातात साडेतीन लाखांच्या आसपास येतील, ४ लाख ८० हजार नाही. सव्वा लाखाचा फरक आहे, तो आत्ताच धरून चला.

आता शिरपूरकर. ६९.३ हा आकडा खरा आहे, पण कशासाठी खरा, ते बघायला हवं. व्याज क्षणाक्षणाला मुद्दलात पडत असेल तर तो खरा. किसान विकास पत्रावर लावून बघा: ६९.३ भागिले ७.५ म्हणजे ९.२४ वर्षं, म्हणजे १११ महिने. कागदावर ११५ छापलेत आणि सरकार पैसे ११५ महिन्यांनीच देतं. चार महिने कमी पडले. म्हणजे बोरीकाठ ताईंचा ७२ तिथं तुमच्या ६९.३ पेक्षा सरस ठरला.

असं का, ते सांगतो. व्याज वर्षाच्या शेवटी मुद्दलात पडत असेल तर वर्षभर जमत आलेलं व्याज नुसतं बसून राहतं, त्यावर व्याज चढत नाही. या बसून राहण्यामुळे दुप्पट व्हायला थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून ६९.३ च्या जागी मोठा आकडा लागतो. किती मोठा, ते दरावर ठरतं. दर एक टक्का असेल तर बसून राहिलेलं व्याज किरकोळ असतं, फरक पडत नाही, आकडा ७० च्या आतच राहतो. दर वीस टक्के असेल तर बसून राहिलेली रक्कम मोठी असते, आकडा ७६ वर जातो. आठ टक्क्यांच्या जवळ तो ७२ ला येतो. अगदी काटेकोर म्हणाल तर ७.८५ टक्क्यांना ७२ पूर्ण बरोबर आहे. किसान विकास पत्राचा ७.५ त्याला चिकटूनच आहे, म्हणून तुमचं इतकं चोख जुळलं.

एक सोपी खूण लक्षात ठेवा. ८ टक्क्यांना ७२. दर तीननं वाढला की आकडा एकनं वाढवायचा, तीननं कमी झाला की एकनं कमी करायचा. ५ टक्क्यांना ७१, ११ ला ७३, २० ला ७६. २० टक्क्यांचं तपासून बघा. ७२ म्हणतो ३.६ वर्षं, ७६ म्हणतो ३.८. खरं उत्तर ३.८० आहे. ३.६ वर्षांवर थांबलात तर १ लाखाचे २ लाख नाही, १ लाख ९३ हजारांच्या आसपास झालेले असतात.

बोरीकाठ

हे समजलं सर. पण मग एफडीचा दर ७ आहे, म्हणजे आठच्या जवळच. तुमच्या खुणेनं आकडा ७२ च्या जरा खाली, ७१.७ धरू. तरी १०.२४ वर्षं येतात. पावतीवर तर दहा वर्षांतच दुप्पट होऊन वर १६० रुपये आहेत.

ताळेबंद

पावती नीट बघा ताई. व्याज तिमाही चक्रवाढ असं कुठंतरी बारीक अक्षरात असेल. आपल्या बँका मुदत ठेवीचं व्याज साधारणपणे दर तीन महिन्यांनी मुद्दलात घालतात. किसान विकास पत्राचा हिशोब वर्षाच्या चक्रवाढीनं बसतो. म्हणून एकाच ७२ नं दोन्ही मोजता येत नाहीत.

पांझराकाठ सरांची खूण इथंही चालते, पण ती वर्षाच्या दराला लावू नका. व्याज मुद्दलात ज्या मुदतीनं पडतं त्या मुदतीचा दर घ्या. तुमच्याकडे तिमाही, म्हणजे ७ भागिले ४, १.७५ टक्के. १.७५ हा आठपेक्षा सव्वासहानं कमी, म्हणून आकडा ७२ वरून साधारण दोननं खाली, ७० धरा. ७० भागिले १.७५ म्हणजे ४०. कशाच्या ४०? तिमाहींच्या. चाळीस तिमाही म्हणजे दहा वर्षं. झाली तुमची पावती. खरं उत्तर ३९.९५ तिमाही आहे, ते उरलेले चार-पाच दिवस म्हणजे तुमचे १६० रुपये.

ज्यांना संगणकावर ताडून बघायचंय त्यांच्यासाठी, कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये:

```
=LN(2)/LN(1+0.075)        वर्षं, वार्षिक चक्रवाढ
=LN(2)/LN(1+0.07/4)/4     वर्षं, तिमाही चक्रवाढ
```

पहिल्याचं उत्तर ९.५८, दुसऱ्याचं ९.९९. सूत्राच्या पुढे मी लिहिलेले मराठी शब्द टाइप करू नका.

शिरपूरकर

म्हणजे बँकेच्या ठेवीला माझा ६९.३ तुमच्या ७२ पेक्षा जवळचा निघाला की नाही? ६९.३ भागिले ७, ९.९ वर्षं. खरं ९.९९. फरक महिन्याभराचा. ७२ चा फरक साडेतीन महिन्यांचा.

ताळेबंद

निघाला. बँकेच्या ठेवीला तुमचा आकडा खरोखर बरा आहे, आणि ७० त्याहून बरा. मी ऑडिटला जाते तेव्हा तिमाहीवाल्या ठेवींना डोक्यात ७० च धरते. "सगळीकडे ६९.३" एवढ्यालाच माझी हरकत.

आप्पा चोपडेकर

मंडळी, तुम्हना बठ्ठा हिशोब बराबर शे, पण उधारीनं कोणीच बोलत नही. ताईना खरा प्रश्न तोच शे.

आता मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. आमचं चाळीस वर्षं बियाण्याचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. "दोन टक्के" एवढं सांगून काहीच कळत नाही. व्याज मुद्दलात कधी टाकता, हे विचारायला हवं. इकडे तीन पद्धती चालतात. काही दुकानदार व्याज वेगळं लिहितात, मुद्दल तेच ठेवतात, कधीच एकत्र करत नाहीत. आमच्याकडे आणि बऱ्याच जणांकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खातं फिरतं. आखाजीपासून आखाजीपर्यंतचं व्याज काढायचं, मुद्दलात टाकायचं, नवीन पानावर नवीन बाकी लिहायची. सालदाराचं साल तेव्हाच संपतं, शेतीचं वर्षही तेव्हाच सुरू होतं, म्हणून ती रीत. आणि तिसरे, जे दर महिन्याला व्याज मुद्दलात घालतात. ते कमी आहेत, पण आहेत, आणि आता संगणकावर बिलं करणारे वाढलेत तसे तेही वाढलेत.

ताई, दुकानदार खोटं बोलत नाही आणि मामाही खोटं बोलत नाहीत. दोघं वेगवेगळ्या वह्या डोळ्यांसमोर ठेवून बोलताहेत.

पांझराकाठ

आप्पांनी नेमकं बोट ठेवलं. ताईंच्याच ४०,००० वर तिन्ही पद्धती लावून बघू.

पहिली पद्धत, व्याज कधीच मुद्दलात पडत नाही. महिन्याला ८०० रुपये, दर महिन्याला तेच ८००. ४०,००० व्याज व्हायला ५० महिने. चार वर्षं दोन महिने. हा दुकानदाराचा हिशोब. इथं चक्रवाढच नाही, तेव्हा ७२ चा संबंध येत नाही. १०० ला दरानं भागायचं, बास.

दुसरी, आखाजीची. पहिल्या वर्षाचं व्याज ९,६००, म्हणून पहिल्या आखाजीला बाकी ४९,६००. दुसऱ्या आखाजीला ६१,५०४. तिसऱ्या आखाजीला ७६,२६५. म्हणजे तीन वर्षं पूर्ण झाली आणि अजून ३,७३५ कमी आहेत. आता महिन्याचं व्याज १,५२५ झालंय, तेव्हा अडीच महिन्यांच्या आत ते भरून निघतं. एकूण साधारण साडेअडतीस महिने. खुणेनं करून बघा: २४ हा आठपेक्षा सोळानं जास्त, सोळा भागिले तीन म्हणजे पाच आणि तिसरा भाग, आकडा ७७.३. त्याला २४ नं भागलं की ३.२२ वर्षं, जवळपास एकोणचाळीस महिने. वहीच्या हिशोबाशी थोडकाच फरक, तोही वर्षाच्या मध्ये आपण सरळ व्याज धरतो म्हणून.

तिसरी, दर महिन्याची. महिन्याचा दर २ टक्के. दोन हा आठपेक्षा सहानं कमी, आकडा ७०. ७० भागिले २ म्हणजे ३५ महिने. मामांचं बरोबर, तीन वर्षांच्या आत.

आणि ७२ भागिले २४ नं आले होते ३६ महिने. तिन्हीपैकी एकाही वहीचं ते उत्तर नाही. आखाजीच्या वहीपेक्षा अडीच महिन्यांनी कमी, महिन्याच्या वहीपेक्षा एका महिन्यानं जास्त, आणि सरळ व्याजापासून तर सव्वा वर्ष लांब. दर जसजसा वर जातो तसतसं "कोणती वही" हा प्रश्न "कोणता आकडा" या प्रश्नापेक्षा मोठा होत जातो. ७ टक्क्यांच्या ठेवीत वार्षिक आणि तिमाहीत तीन महिन्यांचा फरक होता, तोही दहा वर्षांत. इथं ३५ आणि ५० महिने असा फरक आहे.

बोरीकाठ

सर, हे सगळं लॉगॅरिदमशिवाय वडिलांना दाखवता येईल का? माझ्या स्प्रेडशीटवर त्यांचा विश्वास नाही, दुकानातल्या मोठ्या बटणांच्या कॅल्क्युलेटरवर आहे.

आप्पा चोपडेकर

तोच कॅल्क्युलेटर घ्या. 1.02 दाबा, मग गुणाकाराचं बटण, मग बरोबरचं बटण पुन्हा पुन्हा दाबत जा. बहुतेक टेबलावरच्या कॅल्क्युलेटरांवर प्रत्येक वेळी 1.02 नं गुणलं जातं. पहिल्यांदा दाबलं की 1.0404 दिसायला हवं, म्हणजे दुसरा महिना. ते दिसलं नाही तर त्या यंत्राची रीत वेगळी, सोडून द्या. चौतिसाव्यांदा दाबलं की पस्तिसावा महिना, आणि पडद्यावर 1.9998 च्या पुढचं काहीतरी दिसेल. आणखी एकदा दाबलं की दोनच्या वर. वडिलांना स्वतः दाबू द्या, मोजायचं काम तुम्ही करा.

पाचोरेकर

थोडं वेगळं विचारतो. आमच्या इथं एका पतसंस्थेनं फलक लावलाय, "६६ महिन्यांत दामदुप्पट, व्याज १८.१८ टक्के". नाव लिहीत नाही. ७२ भागिले १८.१८ केलं तर चार वर्षं येतात, मग ते साडेपाच वर्षं का घेताहेत? व्याज कापून घेतात का?

ताळेबंद

कापून घेत नाहीत, आकडा फुगवून लिहितात. साडेपाच वर्षांत १०० चे २०० होतात, म्हणजे १०० रुपये व्याज. १०० भागिले ५.५ म्हणजे १८.१८. हा सरळ व्याजाचा दर झाला. पण सरळ व्याज असेल तर ते दरवर्षी हातात यायला हवं. ही योजना दरवर्षी १८ रुपये देत नाही, शेवटी एकदम देते. म्हणून तुलना चक्रवाढीच्या दराशी करायला हवी.

इथं नियम उलटा वापरायचा, ७२ भागिले वर्षं. ७२ भागिले ५.५ म्हणजे १३.०९ टक्के. खरा आकडा १३.४३. उलट्या बाजूनंही ७२ थोडा चुकतो, कारण दर आठच्या वर गेलाय. ७२ च्या जागी ७३.७ घेतलं तर १३.४ येतात.

आणि हीच योजना बँकेच्या तिमाही एफडीशेजारी ठेवून बघायची असेल तर तिचा दर १२.८ टक्के धरावा लागेल. बावीस तिमाहींत दुप्पट, त्यावरून काढलाय. एकाच योजनेचे हे तीन दर: १८.१८, १३.४३, १२.८. तिन्ही गणितानं खरे. फलकावर सगळ्यात मोठा लावलाय.

योगायोग म्हणजे १९८८ साली किसान विकास पत्र पहिल्यांदा निघालं तेव्हाही साडेपाच वर्षांतच पैसे दुप्पट व्हायचे. २०१४ ला ते पुन्हा सुरू झालं तेव्हा १०० महिने. एप्रिल २०२३ पासून ११५. साडेपाच वर्षं ऐकली की जुन्या माणसांना तेच आठवतं आणि विश्वास बसतो. पण तेव्हा हमी सरकारची होती. आज सरकारी कागद ७.५ देत असताना कुणी १३.४३ देतो म्हणत असेल, तर ते पैसे तो कुठं, कुणाला आणि किती टक्क्यांनी कर्जाऊ देतो, हे त्याच्या ताळेबंदात बघायला मागा. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांच्या ठेवीदारांनी काय सोसलंय ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पाचोरेकर

ताळेबंद मागितला तर चेअरमन ओळखीचे असल्यानं वाईट दिसेल.

ताळेबंद

दिसू दे. ठेवीदार सभासद असेल तर वार्षिक अहवालाची प्रत मागणं हा त्याचा हक्कच आहे.

शिरपूरकर

पांझराकाठ सर, तुमची "तीनला एक" ही खूण कुठपर्यंत चालते? कुठंतरी तीही ढासळत असेलच ना?

पांझराकाठ

ढासळते, पण सावकाश. ३६ टक्क्यांना ती २.२६ वर्षं सांगते, खरं २.२५. ६० ला १.४९ सांगते, खरं १.४७ च्या वर. १०० टक्क्यांना तर उत्तर सरळ आहे, एका वर्षात दुप्पट. खूण १.०३ सांगते, आणि साधा ७२ सांगतो ०.७२ वर्षं, म्हणजे पावणेनऊ महिन्यांच्याही आत. वर्षाच्या शेवटी व्याज पडणार असताना नवव्या महिन्यात रक्कम दुप्पट कशी होईल? तिथं ७२ चं उत्तर चुकतंच असं नाही, त्याला अर्थच उरत नाही.

हा ७२ तसा फार जुना आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं १४९४ साली व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात तो दिलाय, कारण न सांगता. हातानं भागाकार करणाऱ्यांसाठी तो केलेला आहे आणि ५ ते १२ टक्क्यांच्या वार्षिक चक्रवाढीत तो आजही दोन टक्क्यांहून जास्त चुकत नाही.

केळीबाग रावेर

सर, साडेतीन लाखांचं समजलं. मग ४ लाख ८० हजार हवे असतील तर हप्ता किती करू?

पांझराकाठ

दर आणि मुदत तीच राहिली तर त्याच प्रमाणात वाढवा. २,००० ला साडेतीन लाख, तर ४ लाख ८० हजारांना साधारण २,७५०. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि पुढे वाढवून घ्यावी लागते, तेव्हा दराची चौकशी काउंटरवर करून मगच आकडा पक्का करा.

बोरीकाठ

वडिलांना घेऊन दुकानात जाऊन आले. वही आखाजीची आहे. म्हणजे आमचे साडेअडतीस महिने. दुकानदारानं पान उघडून दाखवलं, मागच्या आखाजीला व्याज मुद्दलात टाकून नवीन बाकी लिहिलेली आहे. चार वर्षांच्या वर लागतात असं का म्हणालात, विचारलं, तर म्हणाले, "मधे तुम्ही कापसाचे पैसे भरता ना, ते धरून."

आता दोन प्रश्न. एक, व्याज मुद्दलाएवढं झालं की पुढं मागता येत नाही असं मामा म्हणतात, दामदुपट की काय. ते खरं का? दुसरा, कापूस विकून मध्ये पैसे भरले तर ते व्याजात जमा होतात की मुद्दलात, यानं किती फरक पडतो?

ताळेबंद

दामदुपटचा नियम जुना आहे आणि मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी तो मानलेला आहे. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, असा त्याचा गाभा. पण तुमच्या वहीत दर आखाजीला व्याज मुद्दलात पडतंय. मग "मुद्दल" कोणतं धरायचं, मूळचे ४०,००० की नव्या पानावरची बाकी? तुमच्या वडिलांनी नव्या पानावर सही केली आहे का? या प्रश्नावर वकिलाचं मत घ्या, इथल्या कुणाच्या भरवशावर राहू नका.

आप्पा चोपडेकर

माझ्या मते मूळचेच ४०,००० धरायला हवेत. माल तेवढ्याचाच नेलाय.

ताळेबंद

आप्पा, तुमचं म्हणणं न्यायाचं आहे, पण सही असेल तर समोरचा वकील ती दाखवेल. म्हणून म्हणते, सही बघा.

आप्पा चोपडेकर

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, हे आमचं रोजचं. समजा आखाजीला ४०,००० बाकी होती आणि आठ महिन्यांनी कापूस विकून तुम्ही १५,००० भरले. तोवरचं व्याज आठशेप्रमाणे ६,४००.

आधी व्याजात जमा केले तर ६,४०० व्याज फिटलं, उरलेले ८,६०० मुद्दलातून गेले. मुद्दल ३१,४००. पुढच्या चार महिन्यांचं व्याज २,५१२. आखाजीला बाकी ३३,९१२.

आधी मुद्दलात जमा केले तर मुद्दल २५,०००. पुढच्या चार महिन्यांचं व्याज २,०००, मागचं ६,४०० उभंच आहे. आखाजीला बाकी ३३,४००.

फरक ५१२ रुपयांचा, एका वर्षाचा. बहुतेक दुकानदार पहिल्या रीतीनं लिहितात. पैसे भरताना पावतीवर "मुद्दलात जमा" असं लिहून मागा, ओळखीच्या गिऱ्हाइकाला ते नाही म्हणत नाहीत. आम्ही तरी म्हणायचो नाही.

बोरीकाठ

आमच्या आत्तापर्यंतच्या तिन्ही पावत्यांवर नुसतं "जमा" लिहिलंय. त्या आता बदलून मिळतील का, की आखाजीला खातं फिरायच्या आधीच दुकानदाराशी बोलावं?

आप्पा चोपडेकर

आखाजीच्या आधीच बोला. नवीन पान लिहिलं गेलं की कोणी मागचं उघडत नही.